'हार्डवर्किंग' आहात? बरं, मग काय केलंत?

तुमचा रेझ्युमे न बघता त्यातली पहिली ओळ सांगू? 'उत्तम कम्युनिकेशन स्किल्स असलेला, जबाबदारी घेणारा, सेल्फ मोटिव्हेटेड प्रोफेशनल.' बरोबर ना? चिडू नका. शेजारच्या क्युबिकलमधल्याची ओळ पण हीच आहे आणि ज्याच्या जागी तुम्हाला जायचंय त्याची पण. गंमत इथंच आहे. जी ओळ सगळ्यांच्या रेझ्युमेवर असते, ती कुणाबद्दलच काही सांगत नाही.

मग रेझ्युमे वाचणारा माणूस ठरवतो कसं, की कोण खरंच बोलू-लिहू शकतं, कोण काम अंगावर घेतं आणि कोण न सांगता हात घालतं? हे बघायला मी पुण्यात बाणेरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत दोन दिवस बसले. कंपनी दुकानांसाठी बिलिंग सॉफ्टवेअर बनवते. माणसं साधारण सव्वाशे. तिथली एचआर मॅनेजर म्हणजे माझ्या कॉलेजच्या मैत्रिणीची मोठी बहीण, त्यामुळे मी तिला ताईच म्हणते. तिनं अट घातली, ना कंपनीचं नाव, ना उमेदवारांचं. मान्य.

पोस्ट होती कस्टमर सपोर्टच्या टीम लीडची. अर्ज आले १८०. अनुभव, नोटीस पीरियड आणि पुण्यात राहायची तयारी या तीन चाळण्यांतून उरले ४२. फोनवर बोलायचं होतं फक्त आठ जणांशी.

आधी शब्दाचा अर्थ, मग रेझ्युमे

मला वाटलं होतं ताई गठ्ठा उचलेल आणि धडाधड वाचायला लागेल. तिनं उचलला कोरा कागद. 'अगं, कम्युनिकेशन म्हणजे काय हे आधी लिहिलं नाही ना, तर ज्याचं इंग्रजी फाडफाड तोच आपल्याला हुशार वाटायला लागतो,' ती म्हणाली.

तिनं लिहिलं ते असं. या पोस्टवर कम्युनिकेशन म्हणजे दोन गोष्टी. वैतागलेल्या दुकानदाराला फोनवर मराठीत किंवा हिंदीत समजावता येणं, आणि सॉफ्टवेअरमधला बिघाड डेव्हलपरला असा लिहून देणं की त्याला परत फोन करून विचारावं लागू नये. ओनरशिप म्हणजे तक्रार 'क्लोज्ड' केली की संपलं असं नाही, दुकान परत सुरू झालं का आणि तोच घोळ पुन्हा होऊ नये म्हणून काय केलं, इथपर्यंत. इनिशिएटिव्ह म्हणजे कुणी न सांगता सुरू केलेलं असं काम, जे नंतर बाकीचेही वापरायला लागले.

बघा, यात 'चांगला', 'उत्तम', 'प्रभावी' असं काहीच नाही. नुसती कामं आहेत. आणि काम केलं असेल तर त्याचा माग रेझ्युमेवर दिसू शकतो.

शून्य ते तीन

पुढची पायरी मार्कांची. प्रत्येक गुणाला शून्य ते तीन. नुसतं विशेषण असेल तर शून्य. नेमून दिलेलं काम लिहिलं असेल, म्हणजे 'ग्राहकांचे ईमेल हाताळले' वगैरे, तर एक. प्रत्यक्ष घडलेली एखादी गोष्ट आणि त्यात स्वतःनं काय केलं हे कळत असेल तर दोन. त्यापुढे, त्यातून काय झालं हेही कळत असेल आणि तपासता येईल असा काही माग असेल, म्हणजे एखादा कागद, तारीख, किंवा ज्याला विचारता येईल असा माणूस, तर तीन.

मार्क देताना ताई दोन पथ्यं पाळते. पहिलं, आधी सगळ्या ४२ रेझ्युमेंना कम्युनिकेशनचे मार्क, मग सगळ्यांना ओनरशिपचे, मग इनिशिएटिव्हचे. एकच रेझ्युमे वरपासून खालपर्यंत वाचला की त्यातली एक झकास ओळ बाकीच्या फुसक्या ओळींनाही मार्क मिळवून देते. दुसरं, सपोर्टचा मॅनेजर स्वतंत्रपणे मार्क देतो. दोघांच्या मार्कांत दोनचा फरक पडला तरच चर्चा.

आणि हो, नाव, फोटो आणि कॉलेज झाकलेलं. ताईची असिस्टंट आधीच त्यावर पट्टी लावून प्रिंट काढते. हे फॅड नाही. सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातल्या खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते. फरक होता तो मुख्यतः आडनावांचा. दलित आणि मुस्लिम नावांच्या अर्जांना पुढच्या फेरीचं बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय आडनावांपेक्षा कमी निघाली. विशेषणं वाचून मत बनवायला लागलो, की रिकामी जागा आडनाव आणि कॉलेज भरून काढतात.

मार्कांची ही पद्धत ताईच्या डोक्यातून निघालेली नाही. अमेरिकेत लीएटा हॉफ या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९८४ मध्ये सरकारी नोकरीतल्या वकिलांसाठी अशीच पद्धत मांडली होती. उमेदवारानं प्रत्येक गुणासाठी आपण केलेलं एक काम लिहायचं, सोबत ते खरं आहे हे सांगू शकेल अशा माणसाचं नाव द्यायचं, आणि तपासणाऱ्यानं ठरलेल्या पट्टीवर मार्क द्यायचे. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र केलं, तेव्हा केलेल्या कामाचे दाखले असे तपासणं हे नुसती अनुभवाची वर्षं मोजण्यापेक्षा कितीतरी उपयोगी ठरलं. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यातले बरेच आकडे फुगलेले होते असं दाखवून दिलं. पण अनुभवाची वर्षं नव्या हिशेबातही तळालाच राहिली. तेव्हा 'आठ वर्षांचा समृद्ध अनुभव' या ओळीवर फार विसंबू नका.

एक ओळ, तीन गुण

आता खरा मसाला. ४२ मधले तीन रेझ्युमे मी नीट बघितले. त्यातला एक वरवर बघता अगदीच साधा. इंग्रजीत दोन-तीन स्पेलिंगच्या चुका, डिझाइन वगैरे काही नाही. पण मधेच एक परिच्छेद होता. मराठीत सांगायचं तर असा:

'३ सप्टेंबर २०२५ ला जीएसटीचे नवे दर जाहीर झाले, २२ सप्टेंबरपासून लागू होणार होते. दुकानदार काय विचारतील याची यादी केली. आयटम मास्टरमध्ये दर कसा बदलायचा याचं एका पानाचं मराठी-हिंदी पत्रक स्क्रीनच्या चित्रांसह बनवलं. मॅनेजरची परवानगी घेऊन २१ तारखेला ३०० दुकानांना व्हॉट्सअॅपवर पाठवलं. पहिल्या आठवड्यात या प्रश्नाचे २३० कॉल आले, दुसऱ्या आठवड्यात ९०. पुढच्या अपडेटमध्ये स्क्रीन बदलली तेव्हा पत्रक दुरुस्त केलं. आता नव्या ग्राहकांना ते किटमध्ये मिळतं.'

ताईनं पेन्सिलीनं खुणा करायला घेतल्या. 'इनिशिएटिव्ह कुठंय?' तिनं मला विचारलं. मी म्हटलं, पत्रक बनवलं तिथं. 'नाही गं. तारखांमध्ये आहे. ३ आणि २१. कॉल यायला लागल्यावर पत्रक काढलं असतं तर ते साधं काम झालं असतं. यानं आग लागायच्या आधी पाण्याची बादली भरून ठेवली. आणि शेवटची ओळ बघ, ते पत्रक आता किटमध्ये आहे. म्हणजे बाकीच्यांनी ते उचललं.' तीन मार्क.

ओनरशिप? मला वाटलं होतं ३०० दुकानांना पाठवणं ही ओनरशिप. ताईची पेन्सिल थांबली ती 'स्क्रीन बदलली तेव्हा पत्रक दुरुस्त केलं' या वाक्यावर. तिचं म्हणणं असं की काम सुरू करणारे खूप असतात. टाळ्या वाजून गेल्यावर दोन महिन्यांनी तेच काम परत उघडणारा विरळा, आणि रेझ्युमेवर ओनरशिप दिसते ती या 'नंतर' मध्येच. पुन्हा तीन.

कम्युनिकेशनला मात्र दोन. दुकानदारासाठी लिहिलंय, त्याच्या भाषेत लिहिलंय, चित्रं घातलीयत, हे सगळं उत्तम. पण पोस्टसाठी लागणारी दुसरी गोष्ट, डेव्हलपरला बिघाड लिहून देणं, त्याचा रेझ्युमेवर पत्ता नाही. मी विचारलं, स्पेलिंगच्या चुकांचे मार्क नाही कापले? 'कापले असते, जर कामच इंग्रजी मजकूर लिहायचं असतं तर. इथं त्याला नाशिकच्या किराणावाल्याशी बोलायचंय.'

आकडा दिसला की थांबा

आता तुम्ही म्हणाल, सोप्पंय, रेझ्युमेत आकडे कोंबायचे. थांबा जरा. दुसऱ्या रेझ्युमेत आकडे होते, आणि ते चकचकीत होते. '८ जणांच्या टीमचं नेतृत्व केलं, ग्राहकांच्या तक्रारी ४० टक्क्यांनी घटवल्या.' वाचताना मला तर हा पक्का वाटला. मॅनेजरनंही ओनरशिपला तीन दिले. ताईनं दिला एक. फरक दोनचा, म्हणजे चर्चा.

ताईचं म्हणणं साधं होतं. टक्केवारी कशाची हे लिहिलेलं नाही. किती काळात हे लिहिलेलं नाही. आणि 'घटवल्या' म्हणजे नक्की काय केलं, हे तर अजिबात नाही. आकडा आहे, पण त्याच्या आधीचं क्रियापद हवेत आहे. दोघांत ठरलं की फोन करू आणि विचारू.

वीस मिनिटांच्या फोनमध्ये कळलं ते असं. तक्रारी आठवड्याला दहा होत्या, त्या सहा झाल्या. हिशेब बरोबर, ४० टक्केच. पण त्याच महिन्यात सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली होती, आणि टीमचं नेतृत्व होतं टीम लीड रजेवर असतानाचे तीन आठवडे. पोरगा खोटं बोलला नव्हता, विचारल्यावर सगळं सरळ सांगितलं. पण त्यानं स्वतः कुठला निर्णय घेतला, असं विचारल्यावर गाडी 'आम्ही' वरून 'मी' वर आलीच नाही. तिनाचा एक झाला.

आता तुम्ही म्हणाल, पत्रकवाल्याचे २३० आणि ९० तरी कुठं पुरावा आहेत? नवे दर लागू झाल्यावर पहिल्या आठवड्यात गोंधळ होणारच आणि दुसऱ्यात तो आपोआप ओसरणार. अगदी बरोबर. ताईनं फोनवर त्यालाही हेच विचारलं. तो म्हणाला, 'मॅडम, ९० चं श्रेय पत्रकाचं नाही म्हणता येणार, दुकानदार शिकलेच असते. पण पहिल्या आठवड्याचे २३० मी वेगळे करून बघितले. पत्रक मिळालेल्या ३०० दुकानांतून ३१ कॉल आले. न मिळालेल्या ६०० मधून १९९.'

म्हणजे पत्रक मिळालेल्या दर दहा दुकानांमागे एक कॉल, आणि न मिळालेल्या दर तीन दुकानांमागे एक. वर तो स्वतःच पुढे म्हणाला, की ज्यांचे व्हॉट्सअॅप नंबर आमच्याकडे होते ते कदाचित मोबाइल जास्त वापरणारे दुकानदार असतील, त्यामुळे सगळा फरक पत्रकाचाच असं नाही. ताईनं माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. ज्यानं काम केलेलं असतं त्याला आपल्या आकड्याची कमजोर जागाही माहीत असते. आकडा नुसता सजवलेला असेल तर दुसऱ्या प्रश्नाला माणूस परत विशेषणांवर येतो. 'मी खूप डेडिकेटेड आहे मॅडम' असं ऐकू आलं की ओळखायचं.

शून्य म्हणजे 'नाही' नव्हे

आणि तिसरा रेझ्युमे. हा खरं तर कचऱ्यातच जायचा. 'एक्सलंट कम्युनिकेटर. स्ट्राँग सेन्स ऑफ ओनरशिप. प्रोअॅक्टिव्ह.' त्याखाली कामांची यादी, तीही जॉब डिस्क्रिप्शनवरून उतरवलेली. तिन्ही गुणांना शून्य. बाकी सगळं मात्र बसत होतं. अनुभव चार वर्षांचा, तोही दुकानांच्याच सॉफ्टवेअरचा.

मी म्हटलं, हा गेला. ताई म्हणाली, 'कागदावर दिसत नाही, एवढंच आपल्याला कळलंय. नाहीये, असं कुठं कळलंय?' तिच्या मते रेझ्युमे कसा लिहायचा हे कुणीतरी शिकवावं लागतं. ज्यांना चांगल्या कॉलेजची प्लेसमेंट सेल मिळते, ज्यांचे दादा-ताई कंपन्यांत असतात, त्यांना ते आयतं कळतं. बाकीचे सायबर कॅफेतल्या किंवा मित्राच्या रेझ्युमेवरून कॉपी मारतात. शिवाय काही कामांना आकडाच नसतो. वैतागलेल्या गिऱ्हाइकाला रोज शांत करणाऱ्या मुलीकडे कुठला ग्राफ असणार?

म्हणून बाकी पात्रता असलेल्या पण शून्य मिळालेल्यांना ताई नकार पाठवत नाही, दोन प्रश्न पाठवते. एक, तुम्ही दुसऱ्यांसाठी लिहिलेली किंवा समजावलेली एखादी गोष्ट सांगा, आणि ती कुणासाठी होती तेही. दोन, तुमच्याकडे असलेल्या कामात काही बिघडलं तेव्हा पहिल्या तासात काय केलंत आणि पुढच्या आठवड्यात काय केलंत? उत्तर दहा ओळींत, मराठी, हिंदी, इंग्रजी, काहीही चालेल. या वेळी असे अकरा जण होते. सात जणांची उत्तरं आली. त्यातल्या चारांत पुन्हा विशेषणंच होती.

आणि या तिसऱ्या रेझ्युमेवालीचं उत्तर आलं ते मराठीत, थेट मुद्द्यावर. एका शनिवारी संध्याकाळी सर्व्हर बंद पडला, म्हणजे दुकानांत ऐन गर्दीची वेळ. तिनं पहिल्या तासात सगळ्यात मोठ्या साठ दुकानांना स्वतः फोन लावून सांगितलं, की हातानं बिलं फाडा, नंबर ओळीनं ठेवा, नंतर सिस्टिममध्ये कशी चढवायची ते आम्ही बघू. सोमवारी बसून ती बिलं चढवण्याच्या पायऱ्या लिहिल्या. डेव्हलपरना बंद पडल्याची वेळ, कुठली दुकानं आणि स्क्रीनवर आलेला मेसेज असं एकत्र करून दिलं. त्याच आठवड्यात 'सर्व्हर बंद असताना काय करायचं' हे पान टीमच्या भिंतीवर लागलं. शून्याचे झाले आठ.

एवढं सगळं असूनही हे तिच्या रेझ्युमेवर का नव्हतं? ताईनं फोनवर विचारलं तर म्हणे, 'त्यात काय लिहायचं, ते तर कामच होतं ना.'

हे वाक्य मला फार लागलं. आपल्याकडे चोख काम करणाऱ्या कितीतरी लोकांना आपलं काम हा पुरावा आहे हेच माहीत नसतं. विशेषण लिहिलं की आपण रेझ्युमे लिहिला असं वाटतं, आणि खरं सांगण्यासारखं ते घरीच राहतं.

हिशेब कुठं चुकू शकतो

या पद्धतीला वेळ लागतो. एका रेझ्युमेला तिन्ही फेऱ्या मिळून सहा-सात मिनिटं, आणि तेही दोघांची. हजारांनी अर्ज येणाऱ्या कंपनीत हे जमणार नाही, हे ताईही कबूल करते. दुसरं म्हणजे, रेझ्युमेवरचा पुरावा हाही शेवटी उमेदवाराचाच दावा असतो. त्यानं फोनवर काय विचारायचं ते कळतं, एवढंच. मार्क बघून थेट नोकरी द्यायची नसते. आणि तिसरं, जिथं बॉस पेनसुद्धा विचारल्याशिवाय उचलू देत नाही अशा ऑफिसात इनिशिएटिव्हला जागाच नसते. तिथून आलेल्या माणसाला 'हे सुचवलं होतं, नाकारलं गेलं' असं लिहिलं तरी ताई दोन मार्क देते. नाकारलेली सूचनाही घडलेलीच गोष्ट असते.

त्या पोस्टवर शेवटी निवड झाली ती पत्रकवाल्याची. सर्व्हरवाली दुसरी आली आणि तिचं नाव पुढच्या जागेसाठी लिहून ठेवलंय. ४० टक्केवाल्याला ताईनं नकाराच्या मेलमध्ये कारण लिहिलं, जे सहसा कुणी लिहीत नाही: तुमची स्वतःची कामगिरी काय होती ते आम्हाला कळलं नाही.

तुमचा रेझ्युमे उघडा आता. एक पेन्सिल घ्या, आणि प्रत्येक ओळीपुढे विचारा, 'कुणासाठी? मी नक्की काय केलं? मग पुढं काय झालं?' ज्या ओळीपाशी उत्तर नसेल ती खोडा. अर्धं पान उरलं तरी चालेल. ताई ते अर्धं पान पूर्ण वाचेल.